गंधकाचा धोटा

९ जुलै २०१० च्या सकाळी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, यूमाच्या लष्करी मैदानावर काही माणसं एक विमान हातांवर उचलून पळत सुटली आणि त्यांनी ते वाऱ्यावर सोडून दिलं. पंखांचा पसारा साडेबावीस मीटर, म्हणजे एसटीच्या दोन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल जवळपास तेवढा. वजन मात्र अवघं ५३ किलो. आत वैमानिक नाही. पंखांवर सौरपत्रे, आणि रात्रीसाठी बॅटरी. ब्रिटनच्या किनेटिक कंपनीचं हे ‘झेफिर’ विमान २३ जुलैला खाली उतरलं तेव्हा सलग १४ दिवस २२ मिनिटं आकाशात होतं, आणि मध्ये कधीतरी २१ किलोमीटरच्या वर जाऊन आलं होतं.

अशा विमानाचं सगळं गणित रात्रीवर बेतलेलं असतं. दिवसा सूर्य आहेच. पण सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत पंखे फिरत ठेवायचे तर ऊर्जा सोबत वाहून न्यावी लागते आणि वाहून नेलेला प्रत्येक ग्रॅम पंखांना उचलावा लागतो. झेफिरच्या पोटात टूसॉनच्या सायन पॉवर कंपनीच्या लिथियम-सल्फर बॅटऱ्या होत्या. त्या काळी ही कंपनी आपल्या सेलमध्ये किलोमागे ३५० वॅट-तास ऊर्जा मावते असं सांगत असे. बाजारातल्या चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये तेव्हा दोनशे-सव्वादोनशेच्या आसपास मावत असे.

त्या उड्डाणानंतर वाटलं होतं की आता हे रसायन फोनात, गाडीत, सगळीकडे येणार. दीड दशक उलटलं तरी आलेलं नाही. कारण म्हणून बहुतेक ठिकाणी एकच शब्द सांगितला जातो: ‘शटल’. शब्द बरोबर आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. मला वाटतं, खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

आधी गंधकच का, ते पाहू. गंधकाचा अणू लोखंड, निकेल, कोबाल्ट यांच्या मानाने हलका आहे आणि प्रत्येक गंधक-अणू लिथियमचे दोन अणू घेतो. हिशोब केला तर एक ग्रॅम गंधक १६७५ मिलीअँपिअर-तास विद्युतभार साठवू शकतो. फोनच्या बॅटरीत वर्षानुवर्षं वापरलेलं कोबाल्ट ऑक्साइड प्रत्यक्षात ग्रॅममागे दीडशेच्या आसपास देतं. गंधकाचं व्होल्टेज कमी, सरासरी सव्वादोनपेक्षाही थोडं खाली, तरीही लिथियम आणि गंधक यांच्या वजनावर काढलेली ऊर्जा किलोमागे अडीच हजार वॅट-तास भरते. शिवाय गंधक स्वस्त आहे. पेट्रोल-डिझेलमधून तो काढावाच लागतो. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात दहा लाख भागांत दहापेक्षा जास्त गंधक चालत नाही. मुंबईत माहूलला शुद्धीकरण कारखान्यांत हाच गंधक वेगळा होतो. कोबाल्टसारखी खाण शोधत फिरावं लागत नाही.

मग अडतं कुठे? नेहमीच्या लिथियम-आयन सेलमध्ये दोन्ही अग्रांवरचे पदार्थ चाळीसारखे असतात. खोल्या जागच्या जागी राहतात, लिथियमचे आयन भाडेकरूंसारखे एका चाळीतून निघून दुसऱ्या चाळीत राहायला जातात आणि चार्जिंगच्या वेळी परत येतात. हजार वेळा ये-जा झाली तरी भिंती उभ्या. गंधकाच्या सेलमध्ये भिंतीच विरघळतात. गंधकाचा रेणू आठ अणूंची कडी असतो. लिथियम आला की ही कडी उघडते आणि आठ गंधकांची साखळी तयार होते. ती मग तुटत तुटत सहाची, चारची, दोनची होते आणि शेवटी एकेका गंधकाला दोन लिथियम चिकटून लिथियम सल्फाइड बनतं. सुरुवातीचा गंधक घन, शेवटचं सल्फाइडही घन. मधल्या लांब साखळ्यांना म्हणतात पॉलिसल्फाइड, आणि त्या सेलमधल्या द्रवात, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमध्ये, सहज विरघळतात.

सेल वापरताना व्होल्टेजची रेघ काढली तर या पायऱ्या डोळ्यांना दिसतात. सुरुवातीला २.३ ते २.४ व्होल्टवर एक छोटं पठार येतं. तिथे गंधक विरघळून चार अणूंच्या साखळीपर्यंत उतरतो आणि एकूण क्षमतेचा चौथा हिस्सा मिळतो. मग घसरण, आणि २.१ व्होल्टवर लांबलचक दुसरं पठार. उरलेला तीन चतुर्थांश माल या दुसऱ्या पठारावरचा. या क्षेत्रात काम करणारी माणसं सेलची तब्येत या दोन पठारांवरून ओळखतात, वैद्य नाडी पाहतो तशी.

एका प्रयोगशाळेत मला काचेचा सेल दाखवला होता. दोन उभ्या नळ्या मध्ये जोडलेल्या, जोडावर पांढरा सच्छिद्र पडदा. एका नळीत गंधकाचं अग्र, दुसरीत लिथियमची पट्टी, दोन्हीकडे पाण्यासारखा स्वच्छ द्रव. प्रवाह सुरू झाला आणि गंधकाच्या बाजूला द्रव हळूहळू पिवळा, मग नारिंगी, मग चहाच्या कोऱ्या काढ्यासारखा लालसर तपकिरी झाला. दुसरी नळी स्वच्छ होती. मग पडद्याच्या खालच्या कडेला पिवळसर धूर उठावा तसं काहीतरी दिसलं. पडद्यातून रंग पाझरत होता. जेवून येईपर्यंत लिथियमच्या बाजूचा द्रवही पिवळा झाला होता, आणि चांदीसारखी चकाकणारी पट्टी राखाडी पडली होती. शटल म्हणजे काय हे त्या दुपारी मला जेवढं कळलं तेवढं आधी वाचून कळलं नव्हतं.

शटलला आपल्याकडे चांगला शब्द आहे, धोटा. मागावर उभ्या ताण्यातून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे, तिकडून इकडे धावतो तो धोटा. सेलमध्ये तेच होतं. चार्जिंग चालू असताना गंधकाच्या बाजूला लांब साखळ्या तयार होतात. त्या द्रवातून पसरत लिथियमपाशी पोचतात. लिथियमला इलेक्ट्रॉन देण्याची घाई असते; तो त्यांना तिथेच देतो आणि लांब साखळ्या तुटून आखूड होतात. आखूड साखळ्या परत फिरतात, गंधकाच्या अग्रावर चार्जिंगचा प्रवाह त्यांना पुन्हा लांब करतो, आणि त्या पुन्हा निघतात. माग चालू आहे, धोटा धावतो आहे, पण कापडाचा एक वीतही विणला जात नाही. भिंतीवरच्या सॉकेटमधून आलेली वीज सेलच्या आत उष्णता होऊन जाते.

२००४ मध्ये सायन पॉवरच्या युरी मिखाइलिक आणि जेम्स ॲक्रिज यांनी या धोट्याचं गणित मांडलं. त्यांच्या मांडणीचा गाभा साधा आहे: धोटा किती वेगाने धावतो आणि तुम्ही किती वेगाने चार्ज करता, यांची शर्यत. चार्जिंगचा प्रवाह मोठा असेल तर सेल भरतो. प्रवाह लहान असेल आणि धोट्याने वाया घालवलेला प्रवाह त्याच्याइतका झाला, तर व्होल्टेज वरच्या पठारावरच अडकतं. मीटरवर वीज आत जाताना दिसते, तास उलटतात, आणि सेल भरतच नाही. तळाला भोक असलेल्या हंड्यात बारीक धारेने पाणी सोडावं तसं. यातून एक विचित्र गोष्ट निघते, जी वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. फार झपाट्याने चार्ज-डिस्चार्ज केलेल्या सेलमध्ये धोट्याला धावायला वेळच मिळत नाही, त्यामुळे असे आकडे सुंदर दिसतात. तोच सेल भरून दोन आठवडे कपाटात ठेवला तर वरचं पठार नाहीसं झालेलं असतं. धोटा पकडायचा तर सेलला घाईत ठेवू नये, निवांत बसू द्यावं आणि मग किती उरलं ते मोजावं. दुसरी खूण म्हणजे आत घातलेला आणि बाहेर आलेला विद्युतभार यांची तुलना. शंभर घालून ऐंशीच परत आले, तर आत धोटा चालू आहे.

यावर पहिला खरा उतारा सापडला तोही सायन पॉवरमध्येच: इलेक्ट्रोलाइटमध्ये थोडं लिथियम नायट्रेट घालायचं. नायट्रेट लिथियमच्या पृष्ठभागावर एक पातळ साय धरतं. या सायीतून लिथियमचे आयन जातात, पण साखळ्यांना इलेक्ट्रॉन मिळत नाहीत. परतफेड जवळजवळ शंभराला शंभर होते. आज या क्षेत्रातल्या बहुतेक द्रव-सेलमध्ये नायट्रेट असतंच. पण साय कायमची नसते. दर फेरीला लिथियम उकरला जातो, पुन्हा बसतो, साय फाटते, नवी धरावी लागते आणि तेवढं नायट्रेट संपतं. सेलचं व्होल्टेज फार खाली, १.६-१.७ च्या आसपास नेलं तर ते गंधकाच्या अग्रावरही जळून जातं. नायट्रेट संपलं की धोटा पुन्हा सुरू.

दुसरा उतारा जगभर गाजला. २००९ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात लिंडा नझार यांच्या गटाने असा कार्बन घेतला की ज्यात काही नॅनोमीटर रुंदीच्या सरळ, नियमित नळ्या असतात. गंधक वितळवून तो या नळ्यांत शोषला जाऊ दिला. गंधकाला वीज वाहून नेता येत नाही, कार्बन ती थेट त्याच्या अंगापर्यंत नेतो. साखळ्या तयार झाल्या तरी नळीतून बाहेर पडायला त्यांना वेळ लागतो. बाहेरून पॉलिमरचा लेप दिल्यावर ग्रॅममागे १३२० मिलीअँपिअर-तास मिळाले. ‘नेचर मटेरियल्स’मधल्या त्या निबंधानंतर पूर आला. पोकळ कार्बनगोळे, ग्राफीन, साखळ्यांना धरून ठेवणारे ऑक्साइड, पडद्यावरचे लेप, असे हजारो निबंध निघाले. त्यांतला एक मोठा वर्ग ‘धोटा थांबवला’ असं सांगतो, आणि ते खोटं नाही.

पण प्रयोगशाळेतल्या त्या नाण्याएवढ्या सेलचं वजन कोणी केलं नव्हतं. ते आपण इथे करू, गोळाबेरीज आकड्यांनी.

एक ग्रॅम गंधक घ्या. चांगल्या सेलमध्ये त्यातून प्रत्यक्षात १२०० मिलीअँपिअर-तास निघतील असं धरू. २.१ व्होल्टने गुणलं की अडीच वॅट-तास झाले. आता याच्यासोबत काय काय लागतं? कार्बन आणि सगळं चिकटवून ठेवणारा बाइंडर मिळून अर्धा ग्रॅम. ॲल्युमिनियमची फॉइल, पडदा, बाहेरची पिशवी आणि टोकं मिळून आणखी एक ग्रॅम. लिथियम खरं तर एक तृतीयांश ग्रॅमसुद्धा लागत नाही, पण तो दर फेरीला झिजतो, म्हणून तिप्पट, एक ग्रॅम घालावा लागतो. इथपर्यंत साडेतीन ग्रॅम झाले. राहिला द्रव. नाण्याच्या सेलमध्ये एका मिलिग्रॅम गंधकाला दहा-वीस मायक्रोलिटर द्रव सर्रास घालतात. दहा धरले तर आपल्या एका ग्रॅमला दहा मिलिलिटर, म्हणजे अकरा ग्रॅम. एकूण वजन साडेचौदा ग्रॅम, आणि त्यात ऊर्जा अडीच वॅट-तास. किलोमागे १७० झाले. अडीच हजारांवरून निघालो होतो आणि साध्या लिथियम-आयनच्याही मागे येऊन थांबलो.

आता द्रव कमी करू. दहाऐवजी तीन मिलिलिटर घातला, सव्वातीन ग्रॅम. एकूण वजन पावणेसात ग्रॅम, किलोमागे ३७०. हा आकडा विमानाला हवासा वाटेल असा आहे. म्हणजे गंधकाचा हलकेपणा राखायचा की गमवायचा हे गंधकाने ठरत नाही, त्याच्या भोवतीच्या द्रवाने ठरतं. मग सगळे द्रव कमी का करत नाहीत? कारण हा सेल चालतो तोच विरघळण्यामुळे.

माझ्या मते हीच या विषयाची कळ आहे. गंधक वीज वाहत नाही, शेवटचं लिथियम सल्फाइडही जवळजवळ वाहत नाही. घन गंधकाच्या कणाच्या आतपर्यंत इलेक्ट्रॉन पोचूच शकत नाहीत. साखळ्या विरघळतात, कणाच्या पोटातून बाहेर येतात, कार्बनच्या पृष्ठभागाला भिडतात आणि तिथे त्यांना इलेक्ट्रॉन मिळतात, म्हणून एक ग्रॅममधले १२०० मिळतात. जे विरघळणं धोटा पळवतं तेच सेल चालवतं. द्रव तीन मिलिलिटरवर आणला की त्यात एवढ्या साखळ्या गर्दी करतात की तो काकवीसारखा दाट होतो. आयनांची चाल मंदावते, दुसरं पठार खाली दबतं, कधी ते येण्याआधीच व्होल्टेज कोसळतं आणि अर्धा गंधक न वापरताच राहतो. गंमत अशी की साखळ्यांना अडकवणारा तो सुंदर सच्छिद्र कार्बनच इथे आड येतो. जितकी छिद्रं जास्त तितका तो तहानलेला; द्रव आधी त्याच्या पोटात जातो. धोटा थांबवायला आणलेला कार्बन जास्त द्रव मागतो, आणि द्रव वजन आणतो.

दुसऱ्या बाजूला लिथियम आहे, आणि धोट्याच्या गाजावाजात त्याच्याकडे बरीच वर्षं दुर्लक्ष झालं. उपयोगी सेलमध्ये गंधकाचा थर जाड हवा, चौरस सेंटिमीटरला पाच मिलिग्रॅम तरी; नाहीतर फॉइलचं आणि पडद्याचं वजनच वरचढ होतं. एवढ्या गंधकासाठी दर फेरीला लिथियमचा सुमारे ३० मायक्रॉनचा थर, केसाच्या जाडीच्या निम्म्याजवळ, पूर्ण उकरला जाऊन पुन्हा बसतो. तो गुळगुळीत बसत नाही, दगडावर शेवाळ धरावं तसा भुसभुशीत बसतो. भुसभुशीत लिथियमचा पृष्ठभाग मोठा, आणि नवा पृष्ठभाग दिसला की तो द्रवाशी रासायनिक क्रिया करतो. आधीच मोजून-मापून घातलेला तीन मिलिलिटर द्रव असा फेरीगणिक आटत जातो.

मी उघडताना पाहिलेला एक मेलेला पाऊच सेल असाच होता. आर्गॉन वायूने भरलेल्या काचेच्या पेटीत, जाड रबरी हातमोज्यांतून, कात्रीने कड कापली. पांढरा पडदा ओला दिसायला हवा होता. तो कोरडा आणि डागाळलेला होता, आणि लिथियमच्या जागी काळपट राखाडी भुगा पडद्याला चिकटून सोलला गेला. काम करणाऱ्याने सांगितलं, याचा एक तुकडा बाहेरच्या दमट हवेत नेला तर सडक्या अंड्यांचा वास येईल, कारण सल्फाइड पाण्याशी मिळून हायड्रोजन सल्फाइड सोडतं. धोट्याने खचलेला सेल आणि कोरडा पडून मेलेला सेल आलेखावर वेगळे ओळखू येतात. धोट्याचा सेल आत घेतलेलं परत देत नाही आणि हळूहळू उतरतो. कोरडा पडणारा सेल बरेच दिवस शहाण्यासारखा वागतो, आणि मग कड्यावरून पडावं तसा चार-पाच फेऱ्यांत संपतो. अशा सेलमध्ये ताजा द्रव घातला तर तो काही काळ पुन्हा जिवंत होतो. निदान पक्कं करायची ती एक रीत आहे. नाण्याच्या सेलमध्ये भरपूर द्रव आणि जाड लिथियम असल्याने हा मृत्यू दिसतच नाही. पाचशे-हजार फेऱ्यांचे आकडे बहुधा तिथून येतात. कमी द्रवाचे, जाड थराचे खरे पाऊच सेल अनेकदा काही दहा फेऱ्यांत किंवा शंभर-दोनशे फेऱ्यांत दमतात.

झेफिरचं १४ दिवसांचं उड्डाण आता वेगळं दिसतं. चौदा रात्री म्हणजे चौदा फेऱ्या. एवढ्याशा आयुष्यात नायट्रेट संपत नाही, द्रव आटत नाही. सायनच्या अभियंत्यांनी या रसायनाला नेमकं पेलेल असं काम शोधलं होतं, आणि ते मला आजही फार हुशारीचं वाटतं. विजेच्या गाडीची बॅटरी मात्र हजार फेऱ्या आणि आठ-दहा वर्षं मागते.

गाडीचं आणि फोनचं आणखी एक मागणं असतं, ते जागेचं. गंधक हलका आहे तसाच जागाखाऊ आहे. सल्फाइड होताना तो ऐंशी टक्के फुगतो, म्हणून कार्बनमध्ये मोकळी जागा ठेवावी लागते. लिटरमागे ऊर्जा मोजली तर गंधकाचा सेल चांगल्या लिथियम-आयनच्या निम्म्याच्या आसपास घुटमळतो. फोनमध्ये वजन दहा ग्रॅम कमी झालं तर कोणाच्या लक्षात येणार नाही, पण जाडी दुप्पट झाली तर पहिल्याच दिवशी येईल. म्हणून गंधकाचं गिऱ्हाईक पहिल्यापासून आकाशातलं राहिलं आहे.

त्याच गिऱ्हाइकाच्या भरवशावर इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ ऑक्सिस एनर्जी उभी राहिली. २०२० पर्यंत त्यांनी किलोमागे साडेचारशेच्या वर वॅट-तासांचे सेल दाखवले होते. ब्राझीलच्या जुइझ दे फोरा शहरात सेलचा कारखाना आणि वेल्समधल्या पोर्ट टॅलबटला इलेक्ट्रोलाइट व अग्रांचा कारखाना अशी आखणी झाली होती. मे २०२१ मध्ये पैसा संपला आणि कंपनी प्रशासकांच्या हाती गेली. विजेवर उडणाऱ्या विमानांचा बाजार त्या वेळी कागदावर होता. गाडीचा बाजार खरा होता, पण तो लागणाऱ्या फेऱ्यांमुळे आणि जागेमुळे बंद होता. दोन्हींच्या मधल्या फटीत कारखाना उभारण्याइतकं गिऱ्हाईक मिळालं नाही. गंधक कितीही स्वस्त असला तरी लिथियमची पातळ फॉइल, फ्लोरिनयुक्त लिथियम-मीठ आणि कोरड्या हवेची दालनं स्वस्त नसतात.

दरम्यान प्रतिस्पर्धी थांबला नव्हता. झेफिर पुढे एअरबसकडे गेलं. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याची नवी आवृत्ती यूमाहूनच उडाली आणि जवळपास २६ दिवस आकाशात राहिली. त्यात गंधक नव्हता. अँप्रियस कंपनीचे, ग्राफाइटऐवजी सिलिकॉन वापरणारे लिथियम-आयन सेल होते. २०२२ मध्ये झेफिर ६४ दिवस उडत राहिलं. त्याच वर्षी अँप्रियसने किलोमागे ४५० वॅट-तासांचे सेल गिऱ्हाइकाला दिल्याचं जाहीर केलं. सायन पॉवरनेही लिथियम धातू ठेवला, गंधक सोडला आणि समोरच्या अग्रावर निकेलचे ऑक्साइड घेतले. ज्यांनी धोट्याचं गणित लिहिलं, नायट्रेट शोधलं, त्यांनीच गंधक सोडला याचं मला वाईट वाटतं, पण त्यांचं गणित समजल्यावर आश्चर्य वाटत नाही.

आज काम चालू आहे ते मुख्यतः विरघळणंच बंद किंवा कमी करण्यावर. एक वाट म्हणजे पॉलिॲक्रिलोनायट्राइल, ज्यापासून ॲक्रिलिकचं लोकरी सूत होतं, ते गंधकाबरोबर तापवायचं. गंधक कार्बनच्या सांगाड्याला रासायनिक बंधाने जोडला जातो, साखळ्या द्रवात उतरत नाहीत, धोटा जवळजवळ थांबतो आणि सेल शेकडो फेऱ्या चालतो. पण त्या पदार्थात गंधक निम्म्याहूनही कमी असतो आणि व्होल्टेज आणखी थोडं खाली, १.८ च्या आसपास येतं. दुसरी वाट साखळ्यांना अगदी थोडंसंच विरघळवणाऱ्या द्रवांची. त्यात द्रव कमी पुरतो, पण क्रिया मंद होते आणि सेल गरम ठेवावा लागतो. तिसरी वाट द्रवच काढून टाकून घन इलेक्ट्रोलाइट वापरायची. तिथे धोट्याला वाटच नाही. मात्र प्रत्येक गंधककणाला एका बाजूने कार्बन आणि दुसऱ्या बाजूने घन इलेक्ट्रोलाइट चिकटून असावा लागतो. द्रव आपोआप जिथे झिरपला असता, तिथे ही पूड कुटून मिसळावी लागते, आणि अग्राच्या वजनाचा मोठा हिस्सा या दोघांनीच व्यापला जातो.

कॅलिफोर्नियातली लायटेन आणि बर्लिनची थिऑन अशा कंपन्या अजून गंधकाला धरून आहेत, आणि दर काही महिन्यांनी ‘पाचपट ऊर्जेची बॅटरी’ अशी बातमी येते. अशी बातमी हाती आली की मी तीन आकडे शोधतो: एका मिलिग्रॅम गंधकाला किती मायक्रोलिटर द्रव, चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम गंधक, आणि लिथियम गरजेच्या किती पट. पहिला पाचच्या खाली, दुसरा पाचच्या वर आणि तिसरा दोन-तीनच्या आत असेल, आणि तरीही सेल दोनशे फेऱ्या टिकला असेल, तर मी ती बातमी दोनदा वाचतो. बहुतेक वेळा पहिला आकडा दिलेलाच नसतो.